फ्यू आणि अ फ्यू: आकडा मोजू नका, वाक्य वाचा

प्रश्न: फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल, मच, मेनी यात एमसीक्यूला दरवेळी गोंधळ होतो. एखादी पक्की ट्रिक आहे का? क्लासमध्ये सांगतात फ्यू म्हणजे अगदी कमी आणि अ फ्यू म्हणजे त्याहून जरा जास्त, पण तसं करूनही उत्तर चुकतं.

उत्तर: चुकणारच, कारण क्लासमध्ये सांगितलंय तेच चुकीचं आहे. यावर माझं आमच्या इंग्रजीच्या सरांशी भर वर्गात वाजलं होतं आणि आजही तो विषय निघाला की मला राग येतो.

टेस्टमधलं वाक्य होतं, 'ऑल्दो द पेपर वॉज डिफिकल्ट, ___ स्टुडंट्स सॉल्व्ड इट.' पर्याय फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल. स्टुडंट्स मोजता येतात म्हणजे लिटलवाले दोन्ही लगेच बाद, इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं. मी अ फ्यू लिहिलं. सरांनी त्यावर फुली मारली आणि म्हणाले, पेपर अवघड होता ना, मग थोड्याच मुलांना सुटणार, म्हणून फ्यू. मी विचारलं, सर मग ऑल्दो कशाला दिलंय? तर म्हणे पाच पोरं म्हणजे फ्यू आणि दहा-पंधरा म्हणजे अ फ्यू, खाली बस.

अहो, आकड्याचा इथे संबंधच नाही! तीच पाच पोरं घ्या. 'द पेपर वॉज सो डिफिकल्ट दॅट फ्यू स्टुडंट्स सॉल्व्ड इट' म्हणजे पेपर इतका अवघड की फारसा कुणाला सुटलाच नाही. आणि 'ऑल्दो द पेपर वॉज डिफिकल्ट, अ फ्यू स्टुडंट्स सॉल्व्ड इट' म्हणजे अवघड असूनही काही जणांना तरी सुटला. पोरं दोन्हीकडे पाचच. बोलणारा 'नाहीतच जवळजवळ' म्हणतोय की 'आहेत की थोडे' म्हणतोय, एवढाच फरक. सरांनी डिफिकल्ट शब्द बघून उत्तर ठरवलं आणि ऑल्दो सोडून दिलं. पेपर काढणारा तो शब्द उगाच टाकत नाही, बहुतेक वेळा उत्तर त्या जोडशब्दातच असतं.

म्हणून रिकाम्या जागेच्या पुढचं नाम बघून दोन पर्याय उडवले की जोडशब्द शोधायचा. सो, सो दॅट, बट, ऑल्दो, अनफॉर्च्युनेटली, जे असेल ते. मग वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुठल्या बाजूला जातोय ते बघा. नुसतं बट दिसलं म्हणून अ फ्यू ठोकू नका, कारण 'ही ट्राइड हार्ड बट मेड ___ प्रोग्रेस' मध्ये लिटल येतं, प्रयत्न भरपूर केले पण प्रगती फारशी झालीच नाही. तेच 'वुई हॅव ___ टाइम, सो लेट्स सिट अँड टॉक' मध्ये अ लिटल, कारण बसून बोलण्याइतका वेळ आहे. आणि 'वुई हॅव ___ टाइम, सो हरी अप' असेल तर लिटल, घाई करायची म्हणजे वेळ नाहीच.

मच-मेनीचं एवढं टेन्शन घेऊ नका, तिथे नाम मोजता येतं का एवढंच बघायचं असतं. फसवतात ते न्यूज, फर्निचर, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, मनी असले शब्द, यांच्याबरोबर मच. न्यूजच्या शेवटी एस आहे म्हणून मेनी लिहिणारे खूप बघितलेत, आणि उलट पीपल, चिल्ड्रनला एस नाही म्हणून गोंधळणारेही. पुढे क्रियापद असेल तर तेही बघा, इज दिसलं तर मच किंवा लिटलची बाजू, आर दिसलं तर मेनी किंवा फ्यूची.

हां, एक राहिलं. रिकाम्या जागेच्या आधी ओन्ली असेल तर वाक्याचा सूर कितीही रडका असू दे, ओन्ली अ फ्यू किंवा ओन्ली अ लिटलच लिहायचं, आणि व्हेरी असेल तर अ येत नाही, व्हेरी फ्यू, व्हेरी लिटल. क्वाइट अ फ्यू म्हणजे तर चक्क बरेच. कधी कधी मात्र '___ स्टुडंट्स केम टुडे' एवढंच वाक्य देतात आणि फ्यू, अ फ्यू दोन्ही पर्यायात ठेवतात. तिथे दोन्ही बरोबर आहेत, प्रश्नच सदोष आहे. परीक्षेत एक टिकमार्क करून पुढे जा, पण नंतर हरकत घ्यायची सोय असेल तर नक्की घ्या, आणि हरकतीत दोन्ही अर्थांची एकेक पूर्ण वाक्यं लिहून द्या, नुसतं 'उत्तर चुकलंय' लिहू नका. माझ्या वेळी तशी सोय नव्हती, नाहीतर ते दोन मार्क मी सोडले नसते.