आधी यूकेत जाऊन इंग्रजीचा कोर्स करणाऱ्यांनी व्हिसाचा वर्ग नीट बघा

प्रश्न: "मुलीला यूकेत एम.एस्सी.ला कंडिशनल ऑफर आहे, पण आयईएलटीएस थोडं कमी पडतंय. व्हिजिटर व्हिसावर तिथे तीन-चार महिन्यांचा इंग्रजी कोर्स करून मग तिथूनच पदवीला गेलं तर चालेल का?"

नाही चालणार. कोर्स करता येतो. मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत व्हिजिटरवर शिकता येतं. पण त्या व्हिसावरून यूकेत राहून स्टुडंट व्हिसाकडे वळता येत नाही. परत भारतात यायचं आणि इथून नव्याने अर्ज करायचा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून अबोला झाला होता. माझा भाचा सांगलीचा. आयईएलटीएस एकूण ६, त्यात रायटिंग ५.५. विद्यापीठाला एकूण ६.५ हवं होतं. विद्यापीठानेच त्याला दहा आठवड्यांचा प्री-सेशनल, म्हणजे पदवी सुरू होण्याआधीचा इंग्रजीचा कोर्स, सुचवला होता, पण एका एजंटाने दाजींना पटवलं की लंडनमधल्या खासगी संस्थेत चार महिने कोर्स करा, स्वस्त पडेल, स्कोअर आला की तिथूनच ॲडमिशन. मी म्हणालो, "दाजी, व्हिसाचा वर्ग बदलत नाही हो तिथे." दाजी म्हणाले, "तुम्ही मास्तर लोक घाबरवताच. पोरगं एकदा तिथं पोचलं की होतं सगळं."

पोरगा गेला, कोर्स केला, तिथेच परीक्षा देऊन ६.५ आणले. विद्यापीठाने ऑफर पक्की केली. मग त्याने कॅस मागितला, म्हणजे विद्यापीठ व्हिसाच्या अर्जासाठी जो संदर्भ क्रमांक देतं तो. विद्यापीठाने विचारलं, सध्या कोणत्या व्हिसावर आहेस? उत्तर ऐकून म्हणाले, भारतात जाऊन अर्ज कर. तोवर ऑगस्ट संपत आला होता.

इथे आल्यावर दोन गोष्टींनी धरलं. पहिली, टीबीची तपासणी. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिजिटरला ती लागत नाही म्हणून केलेलीच नव्हती. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतातून जाणाऱ्याला लागते, आणि तीही यूके सरकारने मान्य केलेल्याच दवाखान्यातून. दुसरी, फी-खर्चाचे पैसे. ते खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात, आणि खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. द्राक्षांचे पैसे दाजींच्या थोरल्या भावाच्या खात्यात होते, आणि चुलत्याचं खातं चालत नाही. पैसे दाजींच्या खात्यात आले त्या दिवसापासून २८ दिवस मोजायला सुरुवात. विद्यापीठाची उशिरा हजर राहण्याची मुदत तेवढ्यात उलटून गेली आणि प्रवेश पुढच्या वर्षावर गेला.

विद्यापीठाचा प्री-सेशनल घेतला असता तर तो पहिल्यापासून स्टुडंट व्हिसावर गेला असता. तुमच्या मुलीनेही तेच करावं. त्यात दोन प्रकार आहेत. इंग्रजी आधीच बी-टू पातळीला असेल (आयईएलटीएसच्या चारही भागांत किमान ५.५), पदवीचा प्रवेश पक्का असेल, प्री-सेशनल तीन महिन्यांपेक्षा मोठा नसेल आणि तो संपल्यापासून महिन्याच्या आत पदवी सुरू होत असेल, तर विद्यापीठ दोन्हींसाठी एकच कॅस देऊ शकतं. एकच व्हिसा, एकच अर्ज. नाहीतर आधी प्री-सेशनलपुरता कॅस आणि तो पास झाल्यावर दुसरा. पण दुसरा अर्ज तिथे राहूनच करता येतो, कारण ती आधीच स्टुडंट असते. दाजींना मी नेमकं हेच सांगत होतो. प्री-सेशनलची फी जास्त दिसते, पण एक वर्ष वाया जाण्याची किंमत कोणी धरली नव्हती.

एजंट आणखी एक गोष्ट सांगतील: "शॉर्ट-टर्म स्टडी घ्या, अकरा महिने मिळतात." तो व्हिसा खरा आहे, सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्ससाठीच आहे. पण तो वाढवता येत नाही, त्यावर काम करता येत नाही आणि त्यावरूनही स्टुडंटकडे जाता येत नाही. पदवीची तयारी म्हणून तोही रस्ता परत भारतातूनच जातो.

आता एक सांगायचं राहिलं. भाषेची पातळी फार कमी असेल तर प्री-सेशनलही मिळत नाही. त्यासाठी किमान बी-वन, म्हणजे बी-टूच्या खालची पातळी, लागते आणि तीही होम ऑफिसला, म्हणजे यूकेच्या गृहखात्याला, मान्य असलेल्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएस देताना व्हिसासाठीची यूकेव्हीआयवालीच द्यायची. तेवढं नसेल तर सांगली-साताऱ्यातच किंवा पुण्यात शिकून घ्या. आणि हे सगळं यूकेचं आहे, जर्मनीला यातलं काही लावू नका. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या आधी gov.uk वर वाचा, आणि विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारा: कॅस एक देणार की दोन? त्या उत्तराआधी कोणत्याही कोर्सची फी भरू नका. एजंटाचं तोंडी उत्तर दाजींकडेही होतं.