परमँगनेट टायट्रेशनचं रेकॉर्डिंग आणि गैरहजर मुलांसाठीचं एक पान

प्रश्न: "बारावीच्या पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड टायट्रेशनचं सरांनी करून दाखवलेलं रेकॉर्डिंग आहे. गैरहजर मुलांसाठी त्यावरून कृती आणि सावधगिरी असं एक पान करायचं होतं. मी सर जे बोलले ते सगळं उतरवून नीट मुद्दे पाडले, तरी 'यावरून प्रयोग होणार नाही' म्हणून परत आलं. मी सीएचबीवर नवीन आहे, परत विचारायला संकोच वाटतो. काय राहिलं असेल?"

उत्तर:

आता तेच रेकॉर्डिंग एकदा आवाज बंद करून पाहा आणि फक्त हात काय करतात ते वेळेसह टिपा. टायट्रेशनमधल्या बऱ्याच गोष्टी करून दाखवणारा माणूस गप्प राहून करतो. ब्युरेट भरून झाली की सर नरसाळं काढून टेबलावर ठेवतील आणि त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत, कारण त्यांच्या हाताला ती सवय आहे. पानात हे आलं नाही तर मुलगा नरसाळं तसंच ठेवतो, त्याच्या देठातला थेंब मधेच ब्युरेटमध्ये पडतो आणि रीडिंग कमी येतं. सुरुवातीला कॉक पूर्ण उघडून टोकातली हवा घालवणंही तसंच, दोन सेकंदांत उरकतं आणि बोलण्यात कुठेच येत नाही.

ब्युरेट कशाने खंगाळायची, पिपेट कशाने, हे मी सोडून देतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडी पडली, म्हणून थोडं लांबण लावतो. मी पूर्वी जिथे होतो तिथे रेकॉर्डिंग आधी एका कार्यालयाकडे जायचं आणि तिथून "संपादित" होऊन परत यायचं. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. जिथे कोणी बोलत नाही तो भाग कापायचा, म्हणजे फाइल लहान होते आणि मुलं कंटाळत नाहीत, एवढंच त्यांचं धोरण. या टायट्रेशनमध्ये नेमके कोणते तुकडे गेले ते सांगतो. शंकुपात्र तापवण्याची काही मिनिटं गेली आणि परमँगनेटचा पहिला थेंब पडल्यावर सर नुसते पात्र हलवत थांबले होते, ते गेलं.

आता हे दोन तुकडे नसलेला व्हिडिओ पाहून केलेलं टिपण मुलांच्या हातात पडलं तर काय होतं बघा. ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेटची क्रिया थंडीत फार हळू चालते. ६० ते ७० अंश सेल्सिअसलासुद्धा पहिल्या काही थेंबांचा गुलाबी रंग लगेच जात नाही. क्रियेत तयार होणारं मँगनीजचं द्विसंयुजी आयनच पुढच्या क्रियेला वेग देतं आणि सुरुवातीला ते पात्रात नसतं. थोडं तयार झालं की पुढचे थेंब पडता पडता विरघळल्यासारखे नाहीसे होतात. पण हे ज्याला माहीत नाही, त्याला पहिल्याच थेंबाचा टिकलेला गुलाबी रंग म्हणजे अंतिम बिंदू वाटतो. आमच्याकडे मुलांनी प्रामाणिकपणे तसंच लिहून आणलं, रीडिंग ०.१ मिली! बाकीच्यांनी पात्र तापवलंच नव्हतं आणि वर घाईघाईत धार सोडली, त्यांच्या पात्रात तपकिरी गढूळपणा आला. तो मँगनीज डायऑक्साइड. आम्ल कमी पडलं, पात्र गार राहिलं किंवा परमँगनेट भराभर टाकलं की तो येतो आणि आला की ती मोजणी बाद, नवीन पात्र घ्यायचं. अख्ख्या बॅचचं प्रॅक्टिकल वाया गेलं. कापलेले भाग परत मागितले तर अर्ज करा, मग विभागप्रमुखांची सही आणा, मग मूळ फाइल आता ठेवलेली नाही. असो. तुमच्या संस्थेत अशी व्यवस्था असेल तर मूळ, न कापलेली फाइलच मागून घ्या. मिळालीच नाही तर कृती लिहायला बसण्यापूर्वी सरांना फक्त एवढं विचारा, "मधे कुठे थांबला होतात आणि किती वेळ?" यात संकोच कसला!

त्या टप्प्याची तुमच्या पानातली ओळ साधारण अशी असावी:

"शंकुपात्रात पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण घ्या. मोजपात्राने तेवढंच विरल सल्फ्युरिक आम्ल घाला. तिवईवर जाळी ठेवून मंद आचेवर वाफ दिसू लागेपर्यंत, म्हणजे ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. कागदाच्या जाड घडीने पात्राची मान धरून ते ब्युरेटखाली आणा. परमँगनेटचा पहिला थेंब टाका आणि रंग पूर्ण जाईपर्यंत हलवत थांबा. हा अंतिम बिंदू नाही. त्यानंतर थेंब थेंब टाकत जा. हलवूनही ३० सेकंद टिकेल अशी फिकट गुलाबी छटा आली की थांबा."

यातलं "हा अंतिम बिंदू नाही" हे वाक्य सरांच्या तोंडी कदाचित नसेलच, तरी ते घालायलाच हवं. समोर उभ्या असलेल्या मुलांना सर थांबलेले दिसले होते, गैरहजर मुलांना ते दिसलेलं नाही. आणि उकळू का द्यायचं नाही, तर फार तापल्यावर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं आणि रीडिंग कमी येतं.

आता आम्लाचं. तुम्ही शब्दशः उतरवलंय म्हणता, तर त्यात बहुधा "आता यात ॲसिड घाला" असंच आलं असणार. हे वाक्य जसंच्या तसं पानावर गेलं तर माझ्या मते पान परत येण्याला तेवढं एकच कारण पुरेसं आहे. व्हिडिओ थांबवून बाटलीवरचं लेबल वाचा आणि पानात प्रत्येक ठिकाणी "विरल सल्फ्युरिक आम्ल" असं पूर्ण लिहा, एकदाही नुसतं "आम्ल" नको. प्रयोगशाळेच्या मांडणीवर विरल आणि संहत या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. संहत आम्ल पाणी असलेल्या द्रावणात ओतलं तर ते एकदम तापून उडतं. त्यात पात्रात ऑक्झॅलिक आम्ल, संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर ते तापवलं की कार्बन मोनॉक्साइड सुटतो. कोणी बर्नर पेटवून त्यावर वाकून बघत असेल तर विचार करा. आणि घन परमँगनेटवर संहत सल्फ्युरिक आम्ल पडणं तर त्याहून वाईट, त्यातून होणारं मँगनीजचं ऑक्साइड स्फोटक असतं. या पानात ती शेवटची गोष्ट घालू नका, कारण इथे मुलांच्या हातात घन परमँगनेट येतच नाही आणि नको त्या कल्पनाही सुचायला नकोत. तुम्हाला मात्र माहीत असू द्या.

हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल का चालत नाही हे एका ओळीत द्या, कारण हाताशी असलेली बाटली उचलण्याची सवय मुलांना असते. हायड्रोक्लोरिकवर परमँगनेट खर्च होऊन क्लोरीन निघतो, नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. दोन्हींत रीडिंग चुकतं.

सावधगिरीबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पानाच्या तळाशी "सावधगिरी" असा मथळा देऊन खाली आठ मुद्दे लिहिले की ते कोणी वाचत नाही. गरम पात्र कागदाच्या घडीने धरायचं, हे पात्र उचलण्याच्या ओळीतच असावं. पिपेट तोंडाने ओढायची नाही हे पिपेटच्या ओळीत, आणि त्याच ओळीत कारणही, की ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. तळाला फक्त चष्मा, एप्रन आणि सांडलं तर भरपूर पाण्याने धुवायचं एवढंच ठेवा, कारण ते सगळ्या टप्प्यांना लागू आहे. तुमच्या विभागात ठरावीक नमुना असेल तर अर्थात त्यातच बसवावं लागेल. मी फक्त काय चालतं ते सांगतोय.

इथे एक अवघड जागा येते. रेकॉर्डिंगमध्ये सरांनीच पिपेट तोंडाने ओढली असेल तर? जुन्या पिढीतले बरेच जण ओढतात, मी पाहिलंय. तेव्हा सरांनी केलं ते लिहू नका आणि सरांनी तसं सांगितलं असंही भासवू नका. "पिपेटला रबरी फुगा लावून द्रावण ओढा" एवढंच लिहा आणि पान सरांना दाखवताना त्या ओळीवर बोट ठेवून सांगा की हे मी बदललंय. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हणत नाही, फार तर हसतात. एकूणच तुम्ही स्वतः घातलेल्या ओळींवर पेन्सिलीची खूण करून मगच पान तपासायला द्या. सरांना सगळं परत वाचावं लागत नाही.

आकड्यांत अडकण्याची एक जागा सांगतो. जुने शिक्षक अजून "पॉइंट वन नॉर्मल" म्हणतात, मुलं ते ०.१ मोलर लिहितात. ऑक्झॅलिक आम्लासाठी ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर, परमँगनेटसाठी ०.०२ मोलर. परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलांना पुरतात, म्हणून १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाला ०.०२ मोलर परमँगनेट १० मिली लागतं. तुमच्या रेकॉर्डिंगमधलं रीडिंग १०च्या आसपास असेल तर एकक बरोबर ऐकलंत. ५ किंवा २० येत असेल तर लेबल परत वाचा. आणि परमँगनेट इतकं गडद असतं की मेनिस्कसची खालची कड दिसत नाही, वरची कड वाचतात, हे कॅमेऱ्यात कधीच कळत नाही. ते लिहाच.

मोहर सॉल्टचं पान याच पानावरून बनवणार असाल तर तापवण्याची ओळ आधी काढा. ते थंडच करायचं असतं. गरम केलं तर फेरस आयन हवेनेच ऑक्सिडाइज होत जातं. ही नक्कल झालेली ओळ मी बऱ्याच छापील जर्नलांतही पाहिली आहे.

जाता जाता, परमँगनेटची ब्युरेट तशीच राहून आत तपकिरी थर बसला असेल तर उरलेल्या ऑक्झॅलिक आम्लात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालून त्याने खंगाळा, निघून जातो. हे फक्त काचेसाठी आहे. बोटांवरच्या डागांना मुलं हा उपाय करू लागतात, त्यांना करू देऊ नका, ते डाग चार-सहा दिवसांत आपोआप जातात.