खालचा ठोकळा किती जोरानं ओढला तर वरचा घसरते?

प्रश्न: खाली 4 किलोचा ठोकळा, वर 2 किलोचा, दोघांमधला स्थितिक घर्षणांक 0.4, जमीन गुळगुळीत. मी 8 न्यूटन काढलं, उत्तर 24 देलं आहे. काहून?

उत्तर: भाऊ, 8 न्यूटन हे वरच्या ठोकळ्यावर लागू शकणारं जास्तीत जास्त घर्षण आहे, तुझी ओढ नाही, इथंच बहुतेक पोरं फसतात. दोरी खालच्याले बांधली आहे, वरच्याले पुढं नेणारं फक्त घर्षण, बंडी हाकलली की वरचं पोतं जसं येते तसंच. म्हणून वरच्याचं त्वरण 8 भागिले 2, म्हणजे 4 मीटर प्रति सेकंद वर्ग, याच्यावर जाऊच शकत नाही (g 10 धरला आहे). आता घसरायच्या आधी दोघं संगंच चालतात तं एकूण 6 किलोले 4 चं त्वरण द्याले 24 न्यूटन लागते, झालं. 

खरंच 8 नं ओढून पाह्य, त्वरण 1.33 येते, वरच्याले फक्त 2.67 न्यूटन घर्षण पुरते, म्हणजे घसरायचा सवालच नाही.

गंमत अशी का वरच्याचं वस्तुमान 4 च्या त्वरणात कटून जाते, μg च उरते, पण ओढीत एकूण वजन येतेच.

जमीन खरबरीत असन, समज गतिज घर्षणांक 0.1, तं तिचं घर्षण 60 न्यूटनच्या दहावा हिस्सा, 6, तेवढं वाढव, 30. इथं 60 च घ्या लागते, 40 नाही, कारण जमिनीवर दोघायचाही भार आहे. अन् दोरी वरच्याले बांधली तं हे सूत्र लावू नको, गुळगुळीत जमिनीवर तिथं 12 च येते.