शेकडा तीनचे तीस हजार आधी, पाटल्या नंतर

प्रश्न: "सासऱ्यांच्या बायपाससाठी काढलेलं कर्ज अजून 1,90,000 आहे. पतसंस्थेचे 90,000 (हप्ता 4,000), सोनेतारण 50,000 (वर्षाला 10 टक्के), ओळखीच्या एकाकडून शेकडा तीनने 30,000 आणि नणंदेचे बिनव्याजी 20,000. मिस्टर उद्यमबागेत कामाला, हातात 21,000 येतात. माझं शिवणकाम 3,000 ते 5,000. घर स्वतःचं. आधी पाटल्या सोडवाव्यात असं वाटतं. महिना कसा बसवू?"

ताई, पाटल्या थोड्या थांबू देत. सोन्याच्या पन्नास हजारांना महिन्याला साधारण 420 रुपये व्याज लागतं आणि त्या तीस हजारांना 900. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. बोलताना "शेकडा तीनच तर आहे" असं वाटतं, तिथंच आपण फसतो.

उत्पन्न धरताना शिवणकामाचे कमीत कमी 3,000 च धरा, म्हणजे महिना 24,000 चा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 येत असतील तर ते यात मिळवू नका. ते कधी वेळेवर पडतात, कधी मागे राहतात, आणि हप्ता काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

आता खर्च. रेशनचा तांदूळ धरून किराणा 5,000, दूध 1,500, भाजी 1,200, गॅस 900, शाळा 1,500, सासऱ्यांची औषधं 1,800, पेट्रोल 1,500, मोबाईल 600. सरकारच्या गृहज्योती योजनेत तुमच्या मर्यादेत राहिलात तर लाईट बिल शून्य. झाले 14,000. घरपट्टी, सण, लग्नातले आहेर यांना 1,500 बाजूला काढा. आहेर वहीत धरलाच नाही तर तो किराण्यातून जातो, हे मी दोन वर्षं बघितलंय. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीप्रमाणे बदला.

उरले 8,500. त्यांची वाटणी अशी:

पतसंस्था 4,000
सोन्याचं व्याज 450
दवाखान्याचा डबा 550
शेकडा तीनवाले 3,500

पगार झाला त्याच दिवशी या चार रकमा वेगळ्या करा. 3,500 दिले तर पहिल्या महिन्यात 900 व्याजात जातात आणि 2,600 मुद्दलातून उतरतात. असं दहा महिन्यांत ते कर्ज संपतं, वर चिल्लर राहते. गृहलक्ष्मीचे 2,000 दर महिन्याला त्यातच घालता आले तर सहा महिन्यांत. आणि नुसते 1,500 देत बसलात तर एकतीस महिने लागतील.

पण पैसे देताना एक सांभाळा. मी माझ्या वेळी आठ महिने दिले आणि शेवटी त्या माणसाच्या डायरीत सगळं "व्याज" म्हणूनच लिहिलेलं निघालं. मुद्दल होतं तसंच. म्हणून आधी विचारा, "मुद्दलात घेणार ना?" दर वेळी व्याज किती, मुद्दल किती, बाकी किती हे तारखेसह लिहून त्याची सही घ्या. जमलं तर रोख देऊ नका, फोनवरून पाठवा म्हणजे नोंद राहते. दमदाटी सुरू झाली तर पोलिसांत जायला कचरू नका. जबरी वसुलीविरुद्ध कर्नाटकानं 2025 साली कायदा केलाय.

सोन्याची मुदत बहुधा वर्षाची असते. पावतीवरची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याआधी व्याज भरून नूतनीकरण करा, नाहीतर लिलावाची नोटीस येते. नूतनीकरण करताना दोन पाटल्यांच्या दोन वेगळ्या पावत्या होतील का विचारा. एकाच पावतीवर असल्या तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम भरेपर्यंत दोन्ही अडकतात. वेगळ्या असल्या की निम्मे भरून एक हातात येते. शेकडा तीनवाले संपले की त्यांचे 3,500 आणि सोन्याचे 450 दोन्ही इकडे वळवा, मग चौदाएक महिन्यांत दोन्ही पाटल्या घरी.

पतसंस्थेत एकदा विचाराच, व्याज घटत्या शिल्लकेवर आहे की सरसकट. 1,20,000 ला 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घटत्या शिल्लकेवर हप्ता 3,986 येतो, सरसकट व्याजाने 4,533. दोन्हीकडे बोर्डावर बाराच लिहिलेलं असतं. सरसकट असेल तर मुदतीआधी भरून फारसं वाचत नाही, तेव्हा तिथं हप्ता तेवढा भरत राहा.

नणंदेचं गणित व्याजाच्या बाहेरचं आहे. हिशेबाने तिला शेवटी द्यायला हवं, पण मी तरी दिवाळीच्या बोनसमधले पाच हजार तिला देईन आणि बाकीचे कधी ते तारखेसह सांगेन. न सांगता गप्प बसलात तर सणावाराला जेवायच्या पंगतीत तो विषय निघतो.

सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवून जन औषधी केंद्रातली चालतील का विचारा. स्वतः बदलू नका, बायपासनंतरच्या गोळ्या आहेत. तिथं वाचलेले पैसे पहिले काही महिने शेकडा तीनवाल्याकडेच जाऊ द्या.