घरंगळलेला शिंपला आणि टेकडीतला समुद्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. मध्य प्रदेशातल्या मनावर गावाजवळच्या त्या टेकडीचा फोटो पाहिला आणि बराच वेळ खाली ठेववला नाही. तळहातावर शिंपला घेऊन तू लिहिलंयस, "सर, समुद्र सापडला." तुझा आनंद मला पुरता कळतो. पण फोटोत एक गोष्ट दिसत नाही, आणि तीच मला आधी विचारायची आहे. हा शिंपला तू थरातून काढलास की उतारावरून उचललास?

हे का विचारतोय ते सांगण्यासाठी माझीच गोष्ट सांगतो. त्याच मान नदीच्या खोऱ्यात, तुझ्याच वयाचा असताना घडलेली.

मी तेवीस वर्षांचा होतो. तोवर डोंगर म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्री म्हणजे काळा कातळ. लाव्ह्याचे थर एकावर एक चढलेले, पायऱ्यांसारखे. त्यात शिंपला शोधायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. धार जिल्ह्यातल्या त्या टेकडीला माथ्यावर तोच आपला ओळखीचा काळा दगड होता, पण खालचा उतार पांढरट-पिवळा दिसत होता. ओढ्यातून चढायला लागलो तर पायाजवळ एक सुपारीएवढा दगड. उचलला, भिंगाखाली धरला, तर त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं उमटलेलं. सी-अर्चिन, समुद्रतळावरचा काटेरी प्राणी. हृदयाच्या आकाराचा, काटे कधीच गळून गेलेला. मी उभा होतो त्या जागी वालुकाश्म होता, म्हणून वहीत लिहिलं, "वालुकाश्मात सी-अर्चिन."

संध्याकाळी आमच्या सरांनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाले, "उद्या त्या थरावर बोट ठेवून दाखव."

दुसऱ्या दिवशी मला बोट ठेवता येईना. वालुकाश्मात एकही सी-अर्चिन नव्हता. जे होते ते सगळे उतारावर सुटे पडलेले. तेव्हा सरांनी शिकवलं ते तुला सांगतो. सुटा दगड वरून खाली येतो, खालून वर जात नाही. म्हणून उतारावर नागमोडी चढत राहायचं आणि दर दहा पावलांना थांबून आसपासचे सुटे जीवाश्म मोजायचे. मी तसं केलं. आधी दोन-तीन दिसत होते, मग सात-आठ, मग पायाखाली खच. आणि एका रेषेच्या वर एकदम काहीच नाही. नुसती माती आणि काळे धोंडे. जीवाश्म जिथे संपतात तीच थराची वरची कड. तिथून जरा खाली सरकून हातभर माती उकरली, तर खाली चुनखडीच्या गाठी एकमेकींना चिकटून बसलेल्या, मधल्या फटींत चिखलट मुरूम. त्याच गाठींमध्ये तसाच एक सी-अर्चिन अर्धा रुतलेला होता. माझ्या वहीतल्या नोंदीपेक्षा तब्बल अकरा मीटर वर.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. शेताचे बांध, पायवाटा, दगड वाहून टाकलेल्या जागा असतील तर मोजणी फसते. म्हणून शक्यतो मानवी वावर नसलेला उतार निवड, आणि तीच रेषा शेजारच्या दुसऱ्या ओढ्यात पुन्हा सापडते का ते बघ.

थर सापडला म्हणून समुद्र सापडला असंही नाही. साक्षीदार कोण आहे ते पाहावं लागतं. नुसता शिंपला फार भरवशाचा नसतो. नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात शंख मिळतात, ते गोड्या पाण्याच्या तळ्यातले आहेत. कालवं खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अमोनाइट हा गुंडाळलेल्या कवचाचा, आता नामशेष झालेला प्राणी समुद्राचाच, पण मेल्यावर त्याचं रिकामं कवच तरंगत दूरवर जाऊ शकतं. त्यामुळे तो समुद्र होता एवढं सांगतो, पण आपण तिथेच राहत होतो असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. सी-अर्चिनचं तसं नाही. त्याच्या कुळातलं कुणीच गोड्या पाण्यात तग धरत नाही, आणि तो तळावर किंवा तळाच्या चिखलात राहतो. त्याच्या जोडीला दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत कालवं सापडली, तर त्यांना लाटांनी फार फरफटवलेलं नाही असं समज. मेल्यावर झडपा लवकरच सुट्या होतात. तुझ्या फोटोत एकच झडप आहे, आणि तिच्या कडा झिजलेल्या दिसतात.

त्या दिवसानंतर मी टेकडी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तळापासून. दीड मीटरची खुणा केलेली काठी घेतली आणि ओढ्याच्या पात्रातून एकेक काठी वर चढत गेलो. प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार आणि त्यात काय आहे हे लिहीत.

सगळ्यात खाली तिरके उभे राहिलेले, पापुद्रे सुटणारे खडक होते. ते शंभर कोटी वर्षांहून जुने. त्यांच्यावर जवळजवळ आडवा पसरलेला गोटेमिश्रित वालुकाश्म. या दोहोंच्या सांध्यावर तळहात ठेवला तर मधला सगळा गेलेला काळ हाताखाली येतो. इथे कुठलाही थर उरलेला नाही, फक्त झीज. हा निमार वालुकाश्म, बाघची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. खालच्या भागात तो भरड आहे, नदीने आणल्यासारखा, तिरप्या रेघांचा. वर जावं तसे कण बारीक होतात. आणि या वालुकाश्माच्या माथ्याजवळ मला ते दिसलं, जे पहिल्या दिवशी मी न बघता ओलांडून गेलो होतो. दगडाच्या पृष्ठावर बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या, मध्येच इंग्रजी वायसारख्या फुटलेल्या. कोळंबीच्या जातीच्या प्राण्यांनी वाळूत खणलेली बिळं. एकही शिंपला नाही, पण खारं पाणी तिथे पोहोचलं होतं. समुद्र खरा आत आला तो इथे, सी-अर्चिनच्या किती तरी आधी. मी ओढ्यात गुडघे टेकून त्या नळ्यांवर पाणी ओतत बसलो होतो, कारण ओल्या दगडात त्या अधिक उठून दिसतात.

त्यावर गाठीदार चुनखडी, सुमारे सहा मीटर. तळ शांत, चिखलट, जिवंत. प्राण्यांनी उकरून उकरून थराच्या मूळ रेघा पुसून टाकलेल्या. याच थरात चपटा, ताटलीसारखा अमोनाइट मिळतो, प्लॅसेन्टिसेरस. देव्हाऱ्यातला शाळिग्राम हा त्याचाच नातेवाईक, पण तो हिमालयातल्या वेगळ्या आणि जुन्या समुद्राचा. अशा अमोनाइटवरूनच या चुनखडीचं वय सुमारे नऊ कोटी वर्षं ठरतं. तेव्हा जगभर समुद्राची पातळी खूप वर होती आणि नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेकडचं पाणी आत शिरलं.

त्याच्या वर पिवळसर-तांबूस, दोनेक मीटरचा दगड. त्याचं रूढ नाव कोरलाइन चुनखडी, म्हणून मी त्यात प्रवाळ शोधत बसलो. सापडणार कसं? भिंगातून दिसले ते शेवयांच्या तुकड्यांसारखे बारीक कण, त्यांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं. ते ब्रायोझोआ, वसाहत करून राहणारे चिमुकले जीव. प्रवाळाशी त्यांचा संबंध नाही, नाव तेवढं जुन्या समजुतीतून चिकटलंय. ते सगळे मोडलेले आणि तिरप्या रेघांत रचलेले होते, म्हणजे इथे पाणी पुन्हा उथळ झालं होतं आणि प्रवाह जोरात होता.

मग आली माझी दुसरी चूक, जी तू करण्याच्या बेतात आहेस असं तुझ्या तिसऱ्या फोटोवरून वाटतं. काळ्या दगडाच्या लगेच खाली एक पांढरी, गारगोटीसारखे ठिपके असलेली चुनखडी आहे. मी त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, ते फसफसलं, आणि मी लिहिलं, "समुद्र चालू." तो लॅमेटा थर आहे. कोरड्या हवेत मातीतच चुना साठून दगड झालेला, म्हणजे जमीन. डायनासोरांची अंडी त्या भागात याच थरात मिळतात. आम्ल फक्त कॅल्साइट आहे एवढंच सांगतं, तो समुद्रात बनला की शेतात ते सांगत नाही. त्या पांढऱ्या दगडात मी तासभर शोधलं तरी ना सी-अर्चिन, ना ब्रायोझोआ. मिळाल्या त्या उभ्या, वेड्यावाकड्या, मुळांच्या जागा भरल्यासारख्या नळ्या. बिळांच्या नळ्या आणि मुळांच्या नळ्या यांत गल्लत करू नकोस. मुळं खाली जाताना निमुळती होत जातात, बिळांची जाडी साधारण सारखी राहते.

म्हणजे त्या एका टेकडीत समुद्र आला, टिकला, उथळ झाला आणि गेला. मग जमीन झाली. आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्यावर लाव्हा आला, ज्याच्यावर तू आणि मी लहानाचे मोठे झालो. हे मी पहिल्यांदा शोधलं असं मुळीच नाही. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचं भूशास्त्र १८६९ सालीच छापून ठेवलं होतं. पण ते वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या ओढ्यात कळलं.

आणखी एक. एका टेकडीवरून समुद्र किती रुंद होता किंवा नक्की किती खोल होता हे लिहू नकोस. तुझा मार्गदर्शक आग्रह करेल, तरीही. त्यासाठी शेजारच्या दहा ओढ्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवाव्या लागतात.

पुढच्या खेपेला फेब्रुवारीच्या आतच जा, नंतर त्या खडकावर दुपारी हात ठेववत नाही. बाघकडचा काही भाग आता डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून काहीही उचलू नकोस. इतरत्रही थरात रुतलेला मोठा अमोनाइट काढण्याआधी काठी शेजारी ठेवून फोटो घे आणि वरची बाजू कुठली ते बाणाने दाखव. काढताना मोडण्याची शक्यता असेल तर राहू दे.

आणि तो तळहातावरचा शिंपला टाकून देऊ नकोस. त्याला कागदात गुंडाळ आणि वर पेन्सिलने लिही, "सुटा. उतारावर मिळाला. थर अजून माहीत नाही." मग तो सापडला तिथून वर चढायला लाग, आणि त्याच्यासारखे कुठल्या रेषेपर्यंत मिळतात ते मला कळव.

तुझे
सर