तिसऱ्यांदा बंद पडलेलं वाय-फाय आणि वॉरंटीचे उरलेले पंधरा दिवस

प्रश्न : वकील साहेब, १४ डिसेंबर २०२४ ला जळगावच्या दुकानातून मुलासाठी ४६ हजारांचं गेमिंग कन्सोल घेतलं. वॉरंटी एक वर्षाची. मे महिन्यात त्याचं वाय-फाय गेलं, ऑगस्टमध्ये पुन्हा गेलं. दोन्ही वेळा सर्व्हिस सेंटरने दुरुस्त करून दिलं. आता २६ नोव्हेंबरपासून तिसऱ्यांदा तेच. कंपनीचा माणूस फोनवर कधी म्हणतो राउटर खराब, कधी म्हणतो तुमच्या भागातलं ऊन. ईमेल करा म्हणतो. त्यात लिहू काय? – एक वाचक, अमळनेर

भाऊ, फोनवरचं बोलणं आता पुरे. ईमेल १३ डिसेंबरच्या आत गेला पाहिजे, शक्यतो आजच. दुरुस्ती वॉरंटी संपल्यावर झाली तरी चालेल, पण तक्रार वॉरंटीच्या आत नोंदली गेल्याचा पुरावा तुमच्या हातात हवा. फोनवर काय बोलणं झालं ते उद्या कोण मान्य करणार?

हा ईमेल आज कंपनीचा माणूस वाचेल. पण प्रकरण जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलं, तर तोच कागद आयोगासमोर असेल आणि तिथल्या सदस्यांनी कन्सोल कधी हातातही घेतलेलं नसेल. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी: दोष तुमच्या घरच्या नेटमध्ये आहे की यंत्रात? म्हणून तुम्ही घरी केलेली प्रत्येक तपासणी तारखेसह लिहा आणि तिच्यातून काय दिसलं तेही लिहा. नुसतं ‘सगळं करून पाहिलं’ लिहिलं, तर कंपनी पुन्हा ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणेल.

सर्वांत मोलाची तपासणी सोपी आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून कन्सोल त्याला जोडून पाहा. हॉटस्पॉटवरही जोडलं जात नसेल, तर तुमचा राउटर चर्चेतून बाहेर पडला. मग राउटरची लॅन केबल कन्सोलला लावा. केबलवर गेम चालला आणि वाय-फायवर नाही, तर यंत्राचा बाकी भाग आणि सॉफ्टवेअर ठीक असून बिघाड वाय-फायच्या भागात असण्याची शक्यता बळावते. अनेक कन्सोलमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात. त्यामुळे बिनतारी कंट्रोलरही अधूनमधून सुटत असेल, तर तेही आठवणीने लिहा. प्रत्येक वेळी पडद्यावर आलेल्या एरर कोडचा फोटो काढून ठेवा.

उन्हाचा मुद्दा टाळू नका. मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर जातो हे खरं आहे, आणि कंपन्या पुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा लिहितात, हेही खरं. पण दुसरा बिघाड ऑगस्टमधला आणि तिसरा नोव्हेंबरच्या थंडीतला आहे. तीन ऋतूंत एकच भाग जातो, एवढं तारखांनीच सांगू द्या.

तसंच, कारणाचा अंदाज आपल्या हाताने लिहू नका. ‘लाईट गेली तेव्हापासून बंद आहे’ असं एक अशील लिहून बसले होते. त्यांना नेमकं काय झालं ते माहीत नव्हतं, पण विजेच्या दाबाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, एवढं सांगून कंपनी मोकळी झाली. घडलेलं लपवायचं मात्र नाही. विचारलं तर खरंच सांगा.

मसुदा असा ठेवा. इंग्रजीत पाठवायचा असेल तर करवून घ्या, पण तारखा आणि क्रम बदलू नका.

‘विषय : वाय-फायमध्ये तिसऱ्यांदा बिघाड, वॉरंटी १३ डिसेंबर २०२५ पर्यंत, सिरियल नंबर (यंत्रावरचा).

मी हे कन्सोल १४ डिसेंबर २०२४ रोजी ४६,००० रुपयांना घेतलं. बिल जोडलं आहे. मे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वाय-फाय बंद पडल्याने ते आपल्या सर्व्हिस सेंटरकडे दिलं होतं. दोन्ही जॉब शीट जोडल्या आहेत. २६ नोव्हेंबरपासून तोच बिघाड पुन्हा आला आहे.

२७ तारखेला कन्सोलचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला. फरक पडला नाही. त्याच राउटरवर दोन मोबाईल आणि टीव्ही व्यवस्थित चालतात. २८ तारखेला कन्सोल मोबाईल हॉटस्पॉटला जोडून पाहिलं. जोडलं गेलं नाही. लॅन केबलवर मात्र नेट चालतं. एरर कोडचे फोटो जोडले आहेत. यंत्र घरी किंवा बाहेर कुठेही उघडलेलं नाही.

एकच भाग दोनदा दुरुस्त होऊनही टिकत नाही, म्हणून यंत्र बदलून द्यावं किंवा पूर्ण किंमत परत करावी. आधीच्या दोन्ही वेळी कोणता भाग बदलला ते लेखी कळवावं. या तक्रारीचा नोंदणी क्रमांक आणि उत्तर १५ दिवसांत द्यावं.’

यातल्या ज्या तपासण्या तुम्ही केल्या नसतील, त्या आधी करा आणि मगच लिहा.

कोणता भाग बदलला, हे विचारायला मी मुद्दाम लावलं आहे. मोटारगाडीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं होतं, की सदोष भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपनीचा वकील हाच निकाल पुढे करेल. त्याला उत्तर एकच: भाग बदलला, तरी काम झालं नाही. जॉब शीटवर नुसतं ‘तपासून दिलं’ असेल तर ही बाजू कमकुवत पडते, म्हणून लेखी खुलासा लागतो. पूर्ण पैसे मिळतीलच असं मी सांगणार नाही. आयोग मोफत दुरुस्ती आणि थोडी भरपाईही ठरवू शकतो.

मोबाईल दुरुस्तीवाला ‘उघडून चिप गरम करून देतो’ म्हणाला तरी हात लावू देऊ नका. सील तुटलं की वॉरंटीवर कंपनी बोट ठेवेल आणि तपासणीचा पुरावाही बिघडेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करा. तिथेही नाही जमलं तर जळगावच्या आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीच्या अटींत कुठल्याही शहराचं नाव असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दुकानदारालाही विरुद्ध पक्ष करा. मुदत दोन वर्षांची आहे आणि नुसत्या ईमेलच्या देवाणघेवाणीने ती वाढत नाही, म्हणून ती मे २०२५ पासूनच मोजा.

आणि कुरिअरवाला खोकं न्यायला आला की सिरियल नंबरचा फोटो त्याच्यासमोर काढा. बदलून आलेल्या यंत्राचा नंबर वेगळा असतो; तो बिलाशी जुळत नाही म्हणून पुढच्या वेळी तक्रार नाकारू शकतात. नवा नंबर आणि त्यावरची उरलेली वॉरंटी कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय जुनी जॉब शीट परत देऊ नका.