ब्रँडेड तेलाची पिशवी किंवा डबा परत भरलेला आहे, हे सील, लेबलची छपाई आणि बॅच नंबरवरून ओळखता येतं का?

पिशवीचं सोडा. फाडलेली पिशवी कोणी परत भरत बसत नाही, तिथे नकली छापलेला नवा रोलच वापरतात. वरची आणि खालची सीलपट्टी सारख्याच रुंदीची, सारख्याच रेघांची आहे का एवढं बघा. हातमशीनचं सील अरुंद आणि बरेचदा गुळगुळीत असतं.

परत भरतात तो 15 किलोचा डबा. आमची सांगलीला खानावळ आहे. एका दिवाळीआधी मेहुण्याच्या ओळखीतल्या व्यापाऱ्याकडून सूर्यफुलाचे डबे आले. मेहुण्याचं पालुपद एकच, "दाजी, बूच सीलबंद आहे, अजून काय पाहिजे?" अरे, नवं बूच ठोकायला काय लागतं?

मी दोन डबे शेजारी ठेवले. बॅच नंबर एकच. एकावरचे आकडे बारीक ठिपक्यांचे, कारखान्यात डबा पट्ट्यावरून सरकताना मशीन शाई उडवतं तसे. दुसऱ्यावर तेच आकडे भरीव, कडेला शाई पसरलेली. सरळसरळ रबरी शिक्का. बॅटरी आडवी धरली तर त्याखाली जुन्या ठिपक्यांची पुसट खूण दिसली, आणि तेवढ्याच चौकोनात रंगाची चकाकी गेलेली. थिनरने पुसलं होतं. मग बुचाच्या समोरचा कोपरा बघितला. डबा फोडताना तिथे आपण हवेसाठी भोक पाडतोच की! तिथे मुगाएवढा उंचवटा, वरून रंग फासलेला. नखाने खरवडला तर खाली झाळ.

व्यापाऱ्याने काहीही न विचारता डबा बदलून दिला. मेहुणा म्हणाला, बघा किती सज्जन माणूस. सज्जन असता तर आधी "काय झालं?" असं विचारलं असतं.

लेबलच्या अक्षरांच्या नादी लागू नका. डबा मूळ कंपनीचाच असतो, मग अक्षरं खरीच असणार. त्यापेक्षा कडांचा गंज, घासलेला पत्रा आणि शिवणीत बसलेलं जुनं चिकट तेल बघा. एफएसएसएआयच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांप्रमाणे एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेलासाठी परत वापरता येत नाही. त्यामुळे "आतलं तेल चांगलंच आहे हो" हा युक्तिवाद चालत नाही.

आता हेही खरं, की पुसट छपाई कारखान्यातूनही येते आणि छोटे पॅकिंगवाले शिक्काच मारतात. म्हणून एकट्या डब्यावरून बोंब मारू नका, त्याच बॅचचा दुसरा डबा शेजारी ठेवा. आत नक्की काय आहे ते प्रयोगशाळाच सांगणार. तेव्हा बूच न उघडता एफडीएला कळवा, उघडलेल्या डब्यावर व्यापारी हात वर करतो.

आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी तळाला खिळ्याने भोकं पाडा. भंगारवाला मग पैसे कमी देतो. अखंड डब्याला तो जास्त का देतो, ते आमच्या मेहुण्याला विचारा. तो अजून अखंडच विकतो.